आईच्या पत्राला आलेलं उत्तर

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच नियम आहे आणि तो माझा आहे. गिऱ्हाइकानं कागद पुढे सरकवला की आधी विचारायचं, "याचं काय करू?" लोकांना वाटतं, बाईला कळत नाही. कळतं सगळं. पण मोबाइलवर एक फोटो पाठवायचा आणि खाली फक्त "अर्जंट" लिहायचं, ही हल्लीची रीत झाली आहे. अर्जंट काय? प्रिंट काढू, टाइप करू, मोठं करू, की लॅमिनेट करू? विचारलं तर वैतागतात. नाही विचारलं तर कागद वाया जातो आणि तीच माणसं भांडायला येतात. म्हणून विचारायचं. माझा भाऊ आणि त्याचा मुलगा कधी दुकानात येत नाहीत, नाहीतर त्यांनाही हे शिकवलं असतं.

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान तेवढे दिसतात. पण माझ्याशी बोलताना तुमची तोंडं बघण्यासारखी नसतातच," असं ती स्वतःच म्हणते. तिला वाचता येत नाही, पण लिहिता येतं. त्यासाठी मी दुकानात काळा पुठ्ठा कापून त्याला ओळीएवढ्या खाचा पाडून दिल्या आहेत. पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि जाड पेन खाचेतून चालवायचं. तरी मधूनच एखादी ओळ दुसरीच्या डोक्यावर चढते.

आईनं सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर काढली. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलं की नाही, हे बघायचं तिचं काम. त्यामुळे तोंडी उत्तरावर तिचा विश्वास नाही. फोनवर माणूस हो-हो म्हणतो आणि फोन ठेवला की विसरतो, लिहायला बसलं की विचार करावाच लागतो, असं तिचं म्हणणं. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी सुंभ जळाला पण पीळ गेला नाही.

तर प्रश्न असा होता. दादा तिला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होता. तो "सेंटर" म्हणायचा. मी म्हटलं, वृद्धाश्रम म्हण ना, जिभेला काय चटका बसतो का? तर म्हणाला, तिथे नर्स असतात, लिफ्ट आहे, डोळे अधू असलेल्यांसाठी भिंतीला कठडे आहेत. हे सगळं खरं होतं. आईनं दोनदा गॅस चालू ठेवला होता, एकदा पडद्यानं पेट घेतला होता. दादा आणि वहिनी दोघंही सकाळी बाहेर पडायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर आई एकटी, आणि एकटी आई म्हणजे घरात आग. मलाही ते दिसत होतं. पण मी दर रविवारी जाऊन दादाशी भांडायचे. रविवारी जाऊन भांडणं सोपं असतं.

मी तिला माझ्याकडे का नेलं नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला मधेच विचारायला नको. माझ्याकडे दोन खोल्या. एकीत सासरे अंथरुणाला खिळलेले, दुसरीत आम्ही दोघं. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका रविवारी मी गेले तेव्हा आई बंद पाकीट हातात धरून बसली होती. वर मोठ्या अक्षरात टिल्लूचं नाव. टिल्लू म्हणजे दादाचा मुलगा. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला, तरी टिल्लूच. आईनं त्याला लहानाचा मोठा केला. वहिनी कामावर, दादा कामावर, त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत आई. आता तो विमानानं जावं लागतं अशा शहरात नोकरीला आहे.

"टिल्लूला विचारलंय," आई म्हणाली.

"काय विचारलंस?"

"जाऊ की राहू."

दादा चहा गाळत होता. त्याचा हात थांबला. "आई, त्याला कशाला मधे घालतेस? त्याला काय कळतंय इथलं?"

"तुला विचारलं तर तू जा म्हणणार. हिला विचारलं तर ही राहा म्हणणार. तुम्ही दोघं आपापल्या सोयीचं बोलता. तो सांगेल तसं मी करीन." तिनं पाकीट माझ्या दिशेनं धरलं, म्हणजे माझ्या कानाच्या दिशेनं. "हे टाक पोस्टात. आणि त्याला सांग, फोन नको. लिहून उत्तर पाहिजे."

मी हात पुढे करणार तेवढ्यात दादानं पाकीट घेतलं. "पोस्टानं कधी पोचायचं? मी फोटो काढून पाठवतो. आत्ता पाठवलं की आत्ता मिळेल."

आता फोटो काढायचा म्हणजे पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलं की दिसतंच. ताकाला जाऊन भांडं लपवायची दादाची जुनी सवय. पण मी काही बोलले नाही, कारण लवकर पोचलं तर बरंच, असं मलाही वाटलं. त्यानं आतल्या खोलीत जाऊन दोन्ही पानांचे फोटो काढले. खाली त्यानं एकच शब्द लिहिला हे मला नंतर कळलं. "रिप्लाय."

पुढच्या रविवारी उत्तर आलेलं होतं. दादानं मला फोन करून मुद्दाम बोलावून घेतलं. "तुझ्यासमोर वाचतो, म्हणजे नंतर शंका नको," म्हणाला. आई खुर्चीत ताठ बसली होती. केस नीट विंचरलेले. एरवी पाहुणे आले तरी ती एवढी नीटनेटकी बसत नाही. दादानं मोबाइल समोर धरला आणि वाचायला लागला.

"प्रिय आजी, तुझं पत्र वाचून मन भरून आलं. तुझ्या प्रत्येक अक्षरात तुझी माया जाणवली. डोळ्यांचा एवढा त्रास असूनही तू माझ्यासाठी स्वतःच्या हातानं दोन पानं लिहिलीस, याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही."

आई हसली. मला जरा आश्चर्य वाटलं. टिल्लूचं बोलणं म्हणजे "हं", "बघू" आणि "चालेल". पण लिहिताना माणूस बदलतो, आईच म्हणते.

दादा पुढे वाचत गेला. लहानपणी आजी उंची मोजून खुणा करायची त्याची आठवण, आजीच्या हट्टाचं कौतुक. मग म्हणाला, "तू मला सरळ प्रश्न विचारलास, म्हणून सरळ सांगतो. माझं तिकडे परत येणं आता जमणार नाही. तेव्हा तू माझी वाट बघत थांबू नकोस. तिथे तुझी नीट काळजी घेतली जाईल. तू जा." आणि मग पुन्हा माया, नमस्कार, काळजी घे.

एकदाही अडखळला नाही. शाळेत धडा वाचताना माझा भाऊ दर ओळीला तीनदा थांबायचा.

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पुन्हा एकदा वाच."

"आई, झालं ना वाचून."

"बरं." ती उठली, भिंत चाचपत आपल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून साड्या बाहेर काढायला लागली. दादाकडे तिनं वळून पाहिलं नाही. त्याला वाटलं, दिसत नाही म्हणून. मला तसं वाटलं नाही.

महिना व्हायच्या आत ती तिकडे गेली. मी बघून आले ती खोली. दोन पलंग, मधे पडदा, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. ज्यांना दिसते त्यांना. दुसऱ्या पलंगावरच्या बाई दिवसभर झोपलेल्या. भिंतीला कठडे होते, लिफ्ट होती, नर्सही बऱ्या होत्या. आईला नावं ठेवायला काही मिळत नव्हतं आणि त्यामुळे ती जास्तच चिडलेली होती. तिनं दादाशी बोलणं टाकलं होतं. तो आला की झोपेचं सोंग घ्यायची. त्याचा फोन आला की नर्सला म्हणायची, मी बाथरूममध्ये आहे म्हणून सांग. दादा माझ्यावर खेकसला, "तूच काहीतरी भरवलं असशील तिला." मी खरंच काही भरवलं नव्हतं. भरवायला माझ्याकडे काही नव्हतंच.

एकदा मी तिचे पाय चोळत होते तेव्हा ती म्हणाली, "टिल्लूचं पत्र मला छापून आणून देशील? तुझ्या दुकानात अक्षर मोठं होतं ना?"

"होतं की. पण तुला वाचता येईल?"

"पेरूएवढं अक्षर काढ. कडेकडेनं एकेक लावत जाईन. मला इथे दुसरं काम काय आहे?" मग हळूच म्हणाली, "दादानं काय वाचलं ते ऐकलं मी. त्यात काय होतं ते मला बघायचंय."

तेव्हा मला कळलं, ती झोपेचं सोंग का घेते ते. तिला वाटत होतं, दादानं आपल्या मनाचं वाचलं.

मी दादाकडे ते पत्र मागितलं. तो म्हणाला, फोन बदलला, जुनं सगळं उडालं. चोराच्या मनात चांदणं. मग मी टिल्लूलाच मेसेज केला, आजीला उत्तर पाठवलंस ते मला पाठव, मोठं करून छापायचंय. त्यानं लगेच पाठवलं. आगाऊपणा नाही त्या मुलात, सांगितलं की करतो, एवढं म्हणायला हवं.

दुकानात गर्दी होती. परीक्षेचे फॉर्म चालू होते. मी ते कॉम्प्युटरवर उतरवलं, अक्षर सगळ्यात मोठं केलं, न वाचताच प्रिंट दिलं आणि एका मुलीचे दाखले झेरॉक्सला लावले. एका पानावर चार-पाच ओळीच मावत होत्या, त्यामुळे पानामागून पान येत होतं. मी ती गोळा करून क्रम लावायला घेतली. पेरूएवढी अक्षरं, नजर चुकवायची म्हटली तरी चुकत नव्हती.

"तू मला सरळ प्रश्न विचारलास, म्हणून सरळ सांगतो." पुढच्या पानावर कंस होता. "(इथे तुमचं उत्तर लिहा: वर्षभरात परत येणार आहात की नाही. त्यावर आजीचा जाण्या-राहण्याचा निर्णय अवलंबून आहे.)" आणि त्याच्या पुढे, "तू काहीही ठरवलंस तरी माझं प्रेम तसंच राहील."

कंसानंतर एवढंच. येणं जमणार नाही, वाट बघू नकोस, तू जा, यातलं एक अक्षर कुठल्याही पानावर नव्हतं.

मी गिऱ्हाइकांना म्हटलं, मशीन गरम झालंय, अर्ध्या तासानं या. आणि शटर अर्धं ओढून टिल्लूला फोन लावला.

"आत्या, ऑफिसमध्ये आहे. बोल ना."

"हे उत्तर तू लिहिलंस?"

"हो. म्हणजे..." तो थांबला. "ॲपनं लिहिलं. मला आजीचं अक्षर लागत नाही गं. आपल्या भाषेतलं छापील मी वाचतो अडखळत, पण हाताचं नाही येत. आणि आजीच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या."

हे खरं होतं. त्याला दुसऱ्या भाषेच्या शाळेत घातलं तेव्हा वहिनी सगळ्यांना मिरवून सांगत होती. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, पण आमच्याकडे ज्याची लाज वाटायला हवी त्याचंच पेढ्यासारखं वाटप झालं.

"मग तू केलंस काय नेमकं?"

"बाबांनी फोटो पाठवला, खाली रिप्लाय. मी तो तसाच ॲपला दिला, खाली रिप्लाय. त्यानं विचारलं, पत्रात काय लिहिलंय ते अक्षर लावून देऊ, तुमच्या भाषेत भाषांतर करू, की उत्तराचा मसुदा करू? बाबांनी रिप्लाय म्हटलं होतं. मग मी मसुदा म्हटलं."

"आणि पत्रात काय आहे ते?"

"ते राहिलं." त्याचा आवाज बारीक झाला. "मीटिंग सुरू होणार होती. म्हटलं, आजीचं पत्र म्हणजे कसा आहेस, जेवतोस का, हेच असणार. नंतर निवांत भाषांतर करून वाचू. मग राहूनच गेलं."

"त्यानं तुला सांगितलं नाही, एक जागा रिकामी ठेवली आहे म्हणून?"

पलीकडून त्याच्या ऑफिसातला आवाज येत होता. कोणीतरी हसत होतं. मग तो म्हणाला, "थांब, बघतो." आणि मग वाचून दाखवलं, आधी त्याच्या भाषेत, मग मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत. मसुद्याच्या वर लिहिलेलं होतं की दोन शब्द नीट लागले नाहीत. आजीनं तुम्हाला एक महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. ती जागा भरल्याशिवाय पाठवू नका. "मी खालचं कॉपीचं बटण दाबलं, आत्या. वरचं बघितलंच नाही."

मशिनीनं विचारलं होतं. मी दुकानात जे विचारते तेच, याचं काय करू? आणि मशिनीनं बजावलंही होतं. माणसानं मान वर करून बघितलं नाही. शिव्या द्यायच्या तर त्या यंत्राला देऊन मोकळं होता आलं असतं, तीही सोय राहिली नाही.

"फोटो मला पाठव," मी म्हटलं. "आणि उठ तिथून, कुठेतरी कोपऱ्यात जाऊन उभा राहा. मी तुला आजीचं पत्र वाचून दाखवते. कळलं नाही तर विचार."

तो उठला. दार लागल्याचा आवाज आला. मी स्क्रीनवर आईचं अक्षर मोठं केलं आणि वाचलं.

"टिल्लू, पसारा न घालता लिहिते. तुझा बाप मला एका ठिकाणी ठेवायचं म्हणतो. त्याचं चूक नाही, माझ्या हातून गॅस राहतो. पण मला इथून हलायचं नाही. या घरात मला न बघता फिरता येतं. नळ कुठे, कडी कुठे, तुझी उंची मोजलेल्या खुणा कुठे, सगळं हाताला माहीत आहे. तिकडे मी खरी आंधळी होईन. तू जाताना म्हणाला होतास, दोन-तीन वर्षांत परत येतो. ते मी धरून बसलेली नाही, पण विसरलेलीही नाही. तू वर्षभरात येणार असशील तर मी इथेच दम काढते, दिवसा बाई ठेवू, गॅस बंद करून टाकू, काहीही करू. येणार नसशील तर मी कोणासाठी अडून बसू? मग मी जाते. मला बरं वाटेल असं लिहू नकोस. खरं असेल ते लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, पण तुझ्या लिही."

शेवटचा शब्द वरच्या ओळीवर चढला होता. तो कुठला शब्द हे मला दोनदा बघावं लागलं. "तुझ्या"च होता.

टिल्लू रडत होता. एवढा मोठा बाप्या, नाक ओढत होता. माझंही मन कळवळलं, पण मी ते कळू दिलं नाही.

"आता सांग," मी म्हटलं. "ती तिकडे गेली आहे, पण अजून काही बिघडलेलं नाही. तिची खोली अजून रिकामी आहे. तू येणार असशील तर मी दादाच्या मानगुटीवर बसून तिला घरी आणते. दिवसाची बाई मी शोधते. तू फक्त सांग, येणार आहेस?"

मला वाटत होतं, तो हो म्हणणार. खरं सांगायचं तर मी मनात आईची बॅग भरायलाही घेतली होती. दादाच्या तोंडावर ते कंसाचं पान कसं आपटायचं, तेही ठरवून झालं होतं.

"आत्या," तो म्हणाला, "मी इथे घर घेतलंय. बाबांना अजून सांगितलं नाही. मी नाही येणार परत."

"वर्षभरात नाही, की..."

"नाहीच." मग घाईघाईनं म्हणाला, "आणि तिथे नर्स आहेत ना? घरी पडली-बिडली तर? मी नीट वाचलं असतं तरी हेच लिहिलं असतं बहुतेक. जा म्हणूनच."

"बहुतेक?"

"हेच लिहिलं असतं," तो म्हणाला.

मुलगा खोटं बोलला नाही. आईनं मागितलं होतं ते खरं उत्तर त्यानं दिलं, फक्त ते माझ्या कानात दिलं. मी म्हटलं, "आजीला फोन कर." तो म्हणाला, "काय सांगू तिला?" मी फोन ठेवला.

दादाकडे गेले ती पान हातात घेऊनच. त्यानं दार उघडलं, पान बघितलं आणि बाजूला झाला. वहिनी आत होती, बाहेर आली नाही.

"मी त्याला फोन लावला होता," दादा म्हणाला. "उत्तर आलं तेव्हाच. तीनदा लावला, त्यानं उचलला नाही. आई समोर बसलेली, तू बसलेली. रिकामी जागा वाचून दाखवू? तुझ्या नातवानं यंत्राकडून लिहून घेतलं आणि तेही अर्धवट, असं सांगू तिला?"

"म्हणून तू जा म्हणालास."

"तो दुसरं काय म्हणणार होता? माझाच मुलगा आहे. मला माहीत नाही?"

"तुझ्या सोयीचंच निघालं ना पण."

"निघालं," तो म्हणाला. "निघालं माझ्या सोयीचं. पेटलेला पडदा मी विझवला होता, तू नाही. तुझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला." मग खुर्चीत बसला. "ती माझ्याशी बोलत नाही. रोज जातो मी. माझ्याकडे पाठ करते."

मी पान तिथेच टाकून यायला हवं होतं. टाकलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईकडे गेले. शेजारच्या बाई झोपलेल्या. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. माझी चाहूल लागल्याबरोबर तिनं हात पुढे केला. "आणलंस?"

पर्समध्ये सगळी पानं होती. मधलं पानही. मी म्हटलं, "मशीन बंद पडलंय गं. दुरुस्तीवाला यायचाय."

तिनं हात मागे घेतला नाही. तसाच पुढे धरून म्हणाली, "खरं सांग, बाई. त्यात काय होतं?"

सांगितलं असतं, तर तिला काय मिळालं असतं, याचा हिशेब मी बसमध्ये करत आले होते. मुलानं खोटं वाचलं, हे मिळालं असतं. नातवानं तिचं पत्र वाचलंच नव्हतं, हेही मिळालं असतं. आणि एवढं सगळं देऊनही घर काही मिळणार नव्हतं.

"मी टिल्लूशी बोलले काल," मी म्हटलं. "स्वतः बोलले. विचारलं त्याला, येणार आहेस का. नाही म्हणाला. त्यानं तिकडे घर घेतलंय."

"घर घेतलं?"

"हो."

"मग जा म्हणाला?"

"हो आई. जा म्हणाला."

तिनं हात खाली ठेवला. चादरीवर बोटं फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसत होतं आणि तिला माझा चेहरा दिसत नव्हता, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं.

"म्हणजे पत्रात होतं तेच दादानं वाचलं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"एक अक्षरही इकडचं तिकडे नाही?"

"नाही."

मग तिनं पदरानं डोळे पुसले, टिल्लूसाठी की दादासाठी ते मी विचारलं नाही. म्हणाली, "दादाला फोन लाव." मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"जेवलास का रे?" ती म्हणाली. आणि मग, "अरे, मी उगाच संशय घेतला तुझ्यावर. म्हातारीचं मनावर घेऊ नकोस."

ती थांबली, पुन्हा हॅलो म्हणाली, मग फोन माझ्यापुढे करून म्हणाली, "बघ गं, कट झाला वाटतं." कट झाला नव्हता. पलीकडे माझा भाऊ होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मीही त्याला काही बोलले नाही.